पंधरा दिवसांत बदलणारं रक्त

एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई-रत्नागिरीकडे उकाडा सुरू झाला, की पहिल्या काही दिवसांत स्वस्थ बसून मोजलेली नाडीही जानेवारीपेक्षा थोडी वर भरते. दोन आठवड्यांनी पारा तेवढाच असतो, दमटपणाही तेवढाच. तरी नाडी बरीचशी खाली उतरलेली असते. हवा आहे तशीच आहे. मग मधल्या काळात बदललं कोण?

आधी नाडी चढते का ते पाहू. थंड हवेत त्वचेला मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त पुरतं. उकाड्यात आतली उष्णता बाहेर टाकायची तर गरम रक्त त्वचेपाशी न्यावं लागतं, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग फारच तापलं, तर त्वचेकडचा हा प्रवाह मिनिटाला सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. तेही आपण नुसते पडून असताना!

समजा, एखाद्याचं हृदय थंडीत एका ठोक्याला ८० मिलिलिटर रक्त ढकलतं आणि नाडी ६५ आहे. म्हणजे मिनिटाला ५.२ लिटर. उकाड्यात त्वचेला अर्धा लिटर जास्त लागलं, तर गरज ५.७ लिटर झाली. पण रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचतं आणि घामाने रक्तातलं पाणी कमी होतं. त्यामुळे हृदय थोडं कमी भरतं आणि एका ठोक्याला, समजा, ७६ मिलिलिटरच बाहेर पडतं. आता ५.७ लिटरसाठी ७५ ठोके हवेत. नाडी दहाने वाढली, ती अशी.

रोज काही वेळ उकाडा सोसला, की शरीर यावर जो उपाय काढतं तो थक्क करणारा आहे. ते रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढवतं. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि पहिल्या आठवड्यातच प्लाझ्मा साधारण दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हृदय पुन्हा नीट भरू लागतं. त्यापाठोपाठ घामाच्या ग्रंथी शिकतात: घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. अंग आधीच निवू लागल्यामुळे त्वचेची मागणीही घटते. आपल्या उदाहरणात गरज ५.४ लिटरवर आली आणि ठोका पुन्हा ८० मिलिलिटरचा झाला, तर नाडी ६८च्या आसपास येईल. सरावाचा हा परिणाम स्वस्थ नाडीत काही ठोक्यांचाच दिसतो. तोच चालताना किंवा काम करताना मोजला तर खूप ठळक असतो. बहुतेक सगळा बदल दहा ते चौदा दिवसांत पुरा होतो.

मात्र किनाऱ्यावर या कौशल्याला मर्यादा पडते. निववतो तो अंगावरून वाळलेला घाम. ओघळून गेलेला घाम वाया जातो. दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून सरावलेल्या माणसाचीही नाडी मे महिन्यात पूर्णपणे जानेवारीच्या पातळीवर येईलच असं नाही. रात्रही मदत करत नाही. मुंबईत जानेवारीत पहाटेचा पारा सतराच्या आसपास असतो, मेमध्ये सत्तावीसच्या. झोपेत अंग निवायला हवं ते निवत नाही आणि ठोके वरच राहतात.

गंमत म्हणजे, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९२,४५७ जणांची मनगटी पट्ट्यांनी टिपलेली स्वस्थ नाडी तपासली, तेव्हा ती जानेवारीत सर्वांत जास्त आणि जुलैमध्ये सर्वांत कमी निघाली. म्हणजे ऋतूसोबत फक्त हवा बदलत नाही. हालचाल, झोप, साथीचे ताप हेही बदलतात, आणि हे सगळं नाडीत उमटतं.

म्हणून तुलना करायची तर पहाटे उठल्याबरोबर, चहाच्या आधी, पडल्या पडल्या पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत आणि शेजारी खोलीचं तापमान व दमटपणा लिहावा. उकाड्याने चढलेली नाडी गार खोलीत थोड्या वेळाने उतरते. गारव्यातही ती वरच राहिली, किंवा उभं राहताच तीस-एक ठोक्यांनी उसळून चक्कर आली, तर पाणी-मीठ कमी पडलं असेल किंवा ताप, रक्तक्षय यांसारखं दुसरं कारण असेल. ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दबलेली असते, त्यामुळे उकाड्याचा ताण तिच्यात दिसेलच असं नाही.

कमावलेला सराव टिकत मात्र नाही. उकाड्यापासून दूर राहिलं, की तो रोज साधारण अडीच टक्क्यांनी ओसरतो. मेमध्ये दोन आठवडे महाबळेश्वरला काढले, तर सुमारे एक तृतीयांश गेलेला असतो. त्यामुळे परतल्यावर पहिले काही दिवस नाडी वर दिसली, तर कष्टाची कामं तेवढे दिवस हळूहळूच वाढवावीत.