बिनपगारी वर्षाचे चार हिशेब

नोकरी न सोडता वर्षभर सुट्टी घ्यायची, पगार नको म्हणायचा आणि वर्षानंतर त्याच खुर्चीवर परत बसायचं. हल्ली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत याला सरसकट सबॅटिकल म्हणतात. सरकारी कचेरीत तिची जुनी बहीण आहे, असाधारण रजा. ही रजा घेणारा बहुतेक एकच प्रश्न विचारतो: माझं ते वर्ष नोकरीत धरणार की नाही? मला या विषयाचं वेड लागलं ते या प्रश्नाच्या उत्तरामुळे. ते वर्ष धरलंही जातं आणि नाहीही. तोच माणूस, तेच बारा महिने; पण ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना सेवा मानतो, पेन्शन योजना मानत नाही, रजेचा कायदा तारखा बघून ठरवतो आणि खासगी कंपनीतल्या बढतीच्या बाबतीत कायदा काहीच बोलत नाही.

एक उदाहरण घेऊन हे उलगडू. समजा, पुण्यातल्या एका कंपनीत एक अभियंता जुलै 2015 मध्ये लागली. तेव्हा तिचा मूळ पगार 14,000 रुपये होता, म्हणून ती पीएफबरोबर पेन्शन योजनेचीही सदस्य झाली. आज महागाई भत्त्यासह मूळ पगार 52,000 आहे. 1 जुलै 2026 ते 30 जून 2027 अशी एक वर्षाची बिनपगारी रजा तिने मंजूर करून घेतली. परत आल्यावर तीन वर्षं काम करून जून 2030 अखेर ती 65,000 मूळ पगारावर राजीनामा देते. पटावरची वर्षं झाली पंधरा, काम केलेली चौदा.

पहिला हिशेब ग्रॅच्युइटीचा, आणि तोच सगळ्यांत सुखद. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या पगाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणायचं. 65,000 वर ते दर वर्षाला 37,500 होतात. आता वर्षं चौदा की पंधरा? 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग सेवेची व्याख्या करताना आजारपण, अपघात, रजा, संप, टाळेबंदी यांमुळे आलेला व्यत्यय सेवेतच मोजायचा असं म्हटलं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण ही व्याख्या तिच्यातही आली आहे. रजा पगारी हवी, अशी अट या व्याख्येत नाही. त्यामुळे आपल्या अभियंतेला पंधरा वर्षांचे 5,62,500 रुपये मिळतात. यातली गंमत अशी, की ज्या वर्षी तिला एक रुपयाही पगार नव्हता त्या वर्षाची ग्रॅच्युइटी त्या वेळच्या 52,000 वर नाही, तर तीन वर्षांनंतरच्या 65,000 वर मोजली गेली. बिनपगारी वर्षालासुद्धा पगारवाढ मिळाली!

पण याच व्याख्येत एक बारीक दार उघडं आहे. न सांगता गैरहजर राहिलेल्या माणसाबद्दल मालकाने नियमानुसार सेवेत खंड पडल्याचा आदेश काढला, तर तो काळ तुटतो. म्हणून रजा मंजूर झाल्याचा कागद हाच इथे सगळा फरक करतो. साहेब तोंडी ‘जा, काळजी करू नको’ म्हणाले आणि वर्षभरात ते साहेबच बदलले, तर मस्टरवर रजा दिसेल की गैरहजेरी, हे कोण सांगणार?

दुसरा हिशेब भविष्य निर्वाह निधीचा. इथे नियम सरळ आहे, पगार नाही तर वर्गणी नाही. 52,000 वर तिचे 12 टक्के म्हणजे 6,240 रुपये, आणि कंपनी पूर्ण मूळ पगारावर भरत असेल तर तिचेही तेवढेच. कंपनीच्या वाट्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात, उरलेले 4,990 पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात दर महिन्याला येणारे 11,230 रुपये बंद, वर्षाला 1,34,760. आधीच्या शिलकीवर व्याज चालू राहतं, पण हे न आलेले पैसे आणि त्यांवरचं न मिळालेलं व्याज कुठल्याच पगारपत्रकावर दिसत नाही. गेल्या काही वर्षांतला 8.25 टक्के दर कायम राहील असं धरलं, तर ही एवढी रक्कम वीस वर्षांत साडेसहा लाखांपुढे गेली असती. सबॅटिकलचा हिशेब मांडताना लोक बुडालेला पगार मांडतात आणि ही ओळ लिहायलाच विसरतात.

पेन्शनचं मात्र उलट आहे. सगळे घाबरतात त्याला आणि नुकसान होतं अगदी थोडं. पेन्शनचं सूत्र असं, की पेन्शनयोग्य पगाराला वर्गणी भरलेल्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. पगाराची मर्यादा आज 15,000 आहे. तीच राहिली, तर चौदा वर्षांचे होतात महिना 3,000 रुपये आणि पंधरा वर्षांचे 3,214. एका वर्षाच्या रजेची किंमत महिना 214 रुपये! आणि पेन्शनयोग्य पगार शेवटच्या 60 महिन्यांच्या सरासरीवर ठरतो, मग त्यात बारा महिने शून्य आले तर सरासरी कोसळणार नाही का? नाही. साठ महिन्यांतला एकूण पगार, ज्या दिवसांचा पगार मिळाला तेवढ्याच दिवसांनी भागायचा आणि मग 30 ने गुणायचा, अशी तरतूद योजनेतच आहे. बिनपगारी दिवस भागाकारातून बाहेर काढणारी ही ओळ मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा ती लिहिणाऱ्या अनाम अधिकाऱ्याला मनातून नमस्कार केला. रजेवर गेलेल्या माणसाचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता.

मात्र हे दिवस बाहेर काढायचे तर ते कुठेतरी नोंदलेले हवेत. कंपनी दर महिन्याला पीएफ कार्यालयाला ईसीआर नावाचं विवरण भरते. त्यात प्रत्येक माणसापुढे `NCP Days` असा एक रकाना असतो. वर्गणी नसलेले दिवस तिथे भरायचे. जुलैचे 31, ऑगस्टचे 31, असे. इथेच गडबड होते. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर शून्य पगाराच्या माणसाला यादीतून गाळतं, किंवा एचआरमधलं कुणी सोय म्हणून नोकरी सोडल्याची तारीखच टाकून मोकळं होतं. दोन्हींचा पत्ता रजेवरच्या माणसाला लागत नाही. सोडल्याची तारीख पडली, की पीएफच्या नोंदीत ती नोकरी संपली आणि परत आल्यावर नवी सुरू झाली असं दिसतं. पीएफच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने शिरून `Service History` उघडलं की हे कळतं. रजा चालू असताना तिथे सोडल्याची तारीख रिकामीच दिसली पाहिजे.

या तारखेवर आणखी एक गोष्ट लटकलेली आहे, आणि तिच्याबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही. पीएफबरोबर प्रत्येक सदस्याला एक विमा असतो. नोकरीत असताना मृत्यू आला, तर वारसांना कमाल सात लाख रुपये मिळतात. वर्गणी थांबलेल्या काळात मृत्यू झाला म्हणून पूर्वी असे दावे नाकारले जात. 2025 मध्ये नियम बदलला. शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव पटावरून काढलेलं नसेल, तर विमा मिळतो. बदल चांगलाच आहे, पण आपल्या अभियंतेची रजा बारा महिन्यांची. म्हणजे उरलेल्या निम्म्या वर्षात हे छत्र नाही. कंपनीचा आरोग्य विमा त्या काळात चालू राहतो का, आणि त्यात आईवडील असतील तर त्यांचा हप्ता पगारातून कापता येणार नाही तेव्हा भरायचा कसा, हे जाण्याआधीच लेखी विचारून घ्यावं.

तिसरा हिशेब रजेचा. मला सगळ्यांत थक्क करणारा हाच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कॅलेंडर वर्षात 240 दिवस काम केलं, तर दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा मिळते. आता आपल्या अभियंतेच्या तारखा पाहा. 2026 मध्ये ती जानेवारी ते जून कामावर, म्हणजे फार तर 181 दिवस. 2027 मध्ये जुलै ते डिसेंबर, फार तर 184. दोन्ही वर्षी 240 ची उडी हुकली. तीच रजा तिने जानेवारी ते डिसेंबर घेतली असती, तर एकाच वर्षाचं नुकसान झालं असतं. कंपनीचं स्वतःचं धोरण कायद्यापेक्षा उदार असेल तर प्रश्न नाही, पण ते वाचल्याशिवाय तारीख ठरवू नये.

तारखांचा याहून कठोर खेळ प्रसूती रजेत आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष 80 दिवस काम केलेलं असावं लागतं. बिनपगारी रजेचे दिवस त्यात धरले जात नाहीत. वर्षभराच्या रजेवरून परत येऊन महिन्याभरात प्रसूती रजेवर जायची वेळ आली, तर 26 आठवड्यांच्या पगाराचा कायदेशीर हक्क उरत नाही. ही गोष्ट मुलींना आधी सांगितलीच पाहिजे.

राहिला चौथा हिशेब, ज्येष्ठतेचा. सरकारी नोकरीत हा स्पष्ट आहे. असाधारण रजेवर पदावरचा धारणाधिकार राहतो आणि ज्येष्ठता यादीतला क्रमांक हलत नाही. पण वैद्यकीय कारण किंवा उच्च वैज्ञानिक-तांत्रिक शिक्षण असं मान्य कारण नसेल, तर तो काळ वेतनवाढीला आणि निवृत्तिवेतनाला धरत नाहीत. म्हणजे यादीत मागचा माणूस मागेच राहतो, पण पगारात तो पुढे जाऊ शकतो. खासगी कंपनीत बढती आणि वेतनवाढ पूर्णपणे कराराची गोष्ट. वार्षिक मूल्यमापनाला निदान काही महिने काम लागतं अशी अट बहुतेक ठिकाणी असते, आणि वर्ष मोडून घेतलेली रजा इथेही दोन मूल्यमापनं खाऊ शकते.

म्हणून रजा मागणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मंजुरीच्या पत्रात चार वाक्यं लिहून घ्या: ही रजा मंजूर असून सेवेत खंड मानला जाणार नाही, नाव पटावर राहील आणि पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकली जाणार नाही, परत येताना पद आणि श्रेणी हीच असेल, मूल्यमापन अमुक तारखेपासून धरलं जाईल. आणि रजेच्या दुसऱ्याच महिन्यात `Service History` उघडून बघा. चूक तेव्हा सापडली तर एका ईमेलवर दुरुस्त होते.