फ्रेंच कंपनीचे निमंत्रणपत्र

फ्रान्सच्या अल्पमुदतीच्या व्यावसायिक व्हिसासाठी तिथल्या कंपनीचे निमंत्रणपत्र हा प्रवासाच्या हेतूचा मुख्य पुरावा असतो. ते कंपनीच्या लेटरहेडवर हवे, त्यावर पत्ता आणि नऊ अंकी सिरेन नोंदणी क्रमांक हवा. सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दाही स्पष्ट लिहावा.

समजा, ल्योंमधील पंप बनवणारी कंपनी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या व्यवस्थापकाला बोलावते आहे. ‘व्यावसायिक चर्चेसाठी’ एवढेच लिहिणे फार मोघम ठरते. ‘१० ते १४ जून, नव्या ओतीव भागांची तपासणी आणि पुरवठा कराराची बोलणी’ असे लिहिले, की अधिकाऱ्याला प्रवासाचे कारण नेमके कळते. पाहुण्याचे नाव व पासपोर्ट क्रमांक पासपोर्टप्रमाणेच हवेत. विमान, हॉटेल, जेवणाचा खर्च कोणाकडे, हेही सांगावे.

अडचण बहुधा तारखांत येते. पत्रात १४ जून आणि हॉटेलचे आरक्षण २० पर्यंत असेल, तर उरलेल्या दिवसांचा खुलासा लागतो. ते पर्यटनाचे असतील, तर पाहुण्याने स्वतःच्या पत्रात तसे सरळ नमूद करावे. निमंत्रण कितीही नेमके असले तरी व्हिसाचा निर्णय फ्रेंच वाणिज्य दूतावासच घेतो.