बॅग आलीच नाही, आता पत्रात काय लिहायचं?

समजा, फ्रँकफर्टहून मुंबईला येणारं विमान तांत्रिक बिघाडामुळे नऊ तास उशिरा पोहोचलं. पट्टा फिरून थांबला, तरी पुण्याच्या एका प्रवाशाची बॅग आलीच नाही. काउंटरवर त्याने फॉर्म भरला, क्रमांक घेतला आणि तक्रार झाली असं समजून घर गाठलं.

नेमकी इथेच चूक होते. त्या फॉर्मला पीआयआर म्हणतात. बॅग शोधण्यासाठी ती नोंद लागतेच, पण पैशांची मागणी त्यात नसते. ती कंपनीला वेगळ्या पत्राने करावी लागते, आणि या पत्रात दोन दावे सरमिसळ न करता मांडावे लागतात.

पहिला दावा उशिराचा. विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटलं, म्हणून कंपनी कुठल्याही देशाची असली तरी ईसी 261 हा नियम लागू होतो. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या अशा प्रवासात चार तास किंवा अधिक उशीर झाला, तर भरपाई 600 युरो. वादळासारखं असाधारण कारण असेल तर ती मिळत नाही. नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र युरोपीय न्यायालयाने असाधारण मानलेला नाही. म्हणून उशिराचं कारण कंपनीकडून लेखी मागावं. तिकिटाचा परतावा ही गोष्ट निराळी आहे. पाच तासांहून अधिक उशीर झाल्यावर प्रवास रद्द करणाऱ्याला तो मागता येतो. हा प्रवासी त्याच विमानाने आला, त्यामुळे पूर्ण भाडं परत मागितलं तर ते नाकारलं जाईल आणि पत्राचा जोरही ओसरेल.

दुसरा दावा बॅगेचा. त्याला 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. भारतात तो 2009 पासून अमलात आहे. 21 दिवसांत बॅग आली नाही, की ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. ती उशिरा मिळाली, तर हाती आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावीच लागते. मुदत टळली की दावा संपतो. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून भरपाईची कमाल मर्यादा 1,519 एसडीआर आहे. नाणेनिधीच्या या हिशेबी एककात ती रक्कम रुपयांत दीड-दोन लाखांच्या घरात जाते. पण ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. नुकसान दाखवावं लागतं.

म्हणून पत्रात साधा हिशेब हवा: बॅग 8,000 रुपये, कपडे आणि बूट 45,000, भेटवस्तू 22,000, तातडीची खरेदी 6,000, एकूण 81,000. वापरलेल्या कपड्यांची किंमत नव्याइतकी लावू नये. सोबत पावत्या, बॅगेज टॅग, बोर्डिंग पास आणि पीआयआरची प्रत जोडावी. ‘झालेल्या मनस्तापाबद्दल’ म्हणून मोघम पाच लाख मागण्यापेक्षा हे 81,000 नाकारणं कंपनीला कितीतरी अवघड जातं.

पत्र ई-मेलने पाठवावं, उत्तरासाठी ठरावीक तारीख द्यावी आणि पोच जपून ठेवावी. उत्तर आलं नाही, तर बॅगेच्या दाव्यासाठी ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. मात्र करारानुसार हा दावा विमान पोहोचल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हायला हवा. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.