टेपमधली ती कुईं

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. फोन ऑक्स केबलने गाडीच्या टेपला जोडलेला, गाणी छान चाललेली. शिरवळच्या आसपास बॅटरी कमी झाली म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर खुपसला आणि त्याच क्षणी गाण्यामागे एक बारीक, किरटा सूर सुरू झाला. खंबाटकीचा घाट लागला तसा तो सूरही घाट चढू लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वर, सोडला की खाली. परत आल्यावर एका दुकानात दाखवलं, तर उत्तर मिळालं, “साहेब, टेपच बदला.” टेप बदलून हा आवाज गेला नसता, कारण टेपमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. चार्जरही चांगला होता आणि केबलही. हा दोष कुठल्याच वस्तूत नसतो, तो त्यांच्या जोडणीत असतो. त्याला ग्राउंड लूप म्हणतात.

गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक पत्र्याला, म्हणजे बॉडीला जोडलेलं असतं. वीज तारेने येते आणि बॉडीतून परत जाते. टेपची अर्थ एका ठिकाणी बोल्टला बसवलेली असते, लायटरच्या सॉकेटची दुसऱ्या ठिकाणी. आता ऑक्सची पिन जवळून पाहा. तिच्यावर दोन काळ्या रेघांनी तीन भाग केलेले दिसतात. टोक डाव्या स्पीकरचं, मधली कडी उजव्याची आणि मुळाकडचा लांब भाग दोघांच्या सामाईक अर्थचा. फोनमध्ये ही अर्थ आणि चार्जरची अर्थ एकच असते. त्यामुळे चार्जर लावला की फोनला बॉडीकडे जायला दोन वाटा होतात. एक चार्जरमधून आणि दुसरी ऑक्सच्या अर्थतारेवरून टेपमार्गे. दोन्ही वाटा पत्र्यात भेटतात आणि वेटोळं पूर्ण होतं.

ऑक्सची ती तार केसासारखी बारीक असते. तिचं काम एकच, टेपला “शून्य इथे आहे” हे सांगणं. टेप या शून्यापासून मोजूनच गाणं ओळखतो. पण वेटोळं झालं की चार्जिंगच्या परतीच्या विजेचा काही भाग या नाजूक तारेवरून वाहू लागतो आणि शून्यच डगमगू लागतं. फोनमधून गाणं येतं साधारण अर्ध्या व्होल्टचं. समजा डगमग पाच मिलिव्होल्टची आहे, म्हणजे गाण्याच्या शंभरावा हिस्सा. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, पण दोन गाण्यांमधल्या शांततेत किंवा आलापात कानाला टोचते.

डगमगीला सूर कुठून येतो? अल्टरनेटरमधून. तो तीन फेजची वीज तयार करतो, आतले डायोड ती सरळ करतात; पण ती बॅटरीच्या विजेसारखी सपाट होत नाही, तिच्यावर बारीक लाटा उरतात. अनेक गाड्यांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेरीत अशा 36 लाटा येतात. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर मिनिटाला 2000 फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला 1200 लाटा झाल्या. हा ऐकू येणारा सूरच आहे. रेस दिली की फेऱ्या वाढतात, सूर चढतो. म्हणून घाटात तो माझ्याबरोबर चढत होता.

खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. मी असं केलं. गाडी उभी, इंजिन चालू, गाणं थांबवलेलं, टेपचा आवाज नेहमीइतका. चार्जर काढला, सूर गेला. चार्जर परत लावून फोनमधून ऑक्स काढून टेपच्या टोकालाही उपटली, तेव्हाही शांत. (नुसती फोनकडची पिन काढून हातात धरली तर टेप घूं करतो, ती उघड्या तारेची घरघर आहे, तिने फसू नका.) दोन्ही जोडलेलं असतानाच आवाज येतो, हे ठरलं. मग चार्जरऐवजी पॉवर बँक लावली, फोन चार्ज होत होता आणि टेप गप्प होता. पॉवर बँकेचा बॉडीशी संबंध नसल्यामुळे वेटोळं तुटलं. इथे निदान पक्कं झालं. चार्जर काढूनही सूर राहिला असता तर टेपची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची अर्थ ढिली आहे का, हे आधी पाहावं लागलं असतं.

पॉवर बँक हा फुकटातला उपाय झाला. कायमचा उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर, बोटाएवढी डबी, ऑक्सच्या वाटेत बसवायची. तिच्या आत डाव्या-उजव्यासाठी दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं एका गुंडाळीतून दुसरीत चुंबकीय मार्गाने जातं, मध्ये तार नाही, त्यामुळे वेटोळंही नाही. विकत घेताना मल्टीमीटर असेल तर दोन्ही टोकांच्या पिनांचे मुळाकडचे भाग तपासा. कंटिन्युइटीची बीप वाजली तर आत अर्थ जोडलेलीच आहे, ती डबी घेऊ नका. आणि एक मर्यादा मान्य करावी लागते. एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरला खर्जाचा जोर पेलवत नाही. डग्ग्याची घुमक किंवा ढोलाचा ठोका मोठ्या आवाजात थोडा पातळ होतो. मला प्रवासात ते चालतं. ज्यांनी गाडीत मोठा सबवूफर बसवलाय त्यांना चालणार नाही.

ब्लूटूथने प्रश्न सुटेल असं वाटतं आणि टेपमध्येच ब्लूटूथ असेल तर सुटतोही. पण ऑक्समध्ये खुपसायचा वेगळा रिसीव्हर घेतला आणि त्यालाही लायटरमधूनच वीज दिली, तर फोनच्या जागी रिसीव्हर बसतो, वेटोळं तसंच राहतं आणि कुईं परत येते.

घरी सूर वेगळा असतो, जाड घूं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे घरघर 50 आणि 100 हर्ट्झची. फोनच्या दोन पिनांच्या चार्जरमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित वीज पलीकडे झिरपते. धातूच्या फोनवर बोट हळूच फिरवलं तर कधी जाणवणाऱ्या बारीक मुंग्या त्याच्याच. ऑक्सने फोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की ती ऑक्सच्या अर्थतारेवरून अर्थिंगकडे जाते. न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला जोडलेलाच असतो, त्यामुळे इथेही फेरा पूर्ण होतो. चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर चांगला चार्जर किंवा तीच आयसोलेटरची डबी. नाही गेला आणि अ‍ॅम्प्लिफायरला सेट-टॉप बॉक्सही जोडलेला असेल, तर त्याची डिशची किंवा केबलची वायर काढून पाहा. बऱ्याचदा दुसरी अर्थ तिकडूनच घुसते. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली तरी कधी कधी भागतं.

एक उपाय मात्र कोणी सुचवला तरी करू नका. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड अर्थपिन काढली की घरघर खरोखर थांबते, म्हणून ती काढलेली मी कित्येक घरांत आणि मांडवांत पाहिली आहे. पण आत फेजची वायर पत्र्याला टेकली, तर ती वीज जमिनीत नेणारी वाट तीच एक असते. ती नसेल तर पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून वीज जाईल. आज घरी तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढून बघा, आणि तिसरी पिन नसेल तर गाणं लावण्याआधी ती बसवून घ्या.