कलम एका ओळीत, अपवादांसकट

फ्लॅटच्या विक्री कराराचा मसुदा हाती आला की बरेच जण आधी किंमत आणि ताब्याची तारीख शोधतात आणि उरलेली पाने वकिलाकडे सोपवतात. वकिलाच्या कार्यालयातून मग एक तक्ता येतो. त्याच्या एका रकान्यात कलमाचा क्रमांक असतो आणि दुसऱ्यात त्या कलमाचा एका वाक्यातला गोषवारा. पुढे प्रश्न पडला की घरातले सगळे हाच तक्ता उघडतात, मूळ करार सहसा कुणी उघडत नाही. त्यामुळे तक्त्यातून गळलेली अट घर घेणाऱ्याच्या लेखी करारातूनच गळते.

गळते ती बहुधा अटच. कलमाचा मुख्य विधी सुरुवातीला ठळकपणे येतो, तर अपवाद आणि मर्यादा शेवटी ‘परंतु’, ‘तथापि’, ‘च्या अधीन राहून’ अशा शब्दांमागे उभ्या असतात. लांबी कमी करणाऱ्याची कात्री शेपटीकडून चालू लागते आणि नेमके तेच भाग आधी कापले जातात.

हे एका खऱ्या कलमावर पाहू. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये झाला. त्याखाली महाराष्ट्राने २०१७ मध्ये जे नियम केले, त्यांना विक्री कराराचा एक नमुना जोडलेला आहे. राज्यातले बिल्डर आपले करार या नमुन्यावर बेततात. हप्ते थकले तर काय होईल, हे त्यातले कलम ४.२ सांगते. कायद्याच्या भाषेत बिल्डर म्हणजे ‘प्रवर्तक’. या कलमाचा आशय त्याच्या मूळ वळणाने मांडला तर असा होतो:

कलम ४.१ प्रमाणे व्याज आकारण्याच्या प्रवर्तकाच्या हक्काला बाध न येता, घर घेणाऱ्याने या कराराखाली देय असलेली कोणतीही रक्कम (स्थानिक प्राधिकरणाच्या करांतील व इतर खर्चांतील त्याचा वाटा धरून) देय तारखेस देण्यात कसूर केल्यास आणि हप्ते भरण्यात तीनदा कसूर केल्यास, प्रवर्तक स्वेच्छेने हा करार समाप्त करू शकेल. परंतु, करार समाप्त करण्याचा आपला इरादा आणि ज्या विशिष्ट अटींचा भंग झाला त्या अटी नमूद करणारी पंधरा दिवसांची लेखी नोटीस प्रवर्तकाने घर घेणाऱ्याच्या पत्त्यावर पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने आणि त्याच्या ईमेलवर दिली पाहिजे, आणि नोटिशीच्या मुदतीत भंग दुरुस्त न झाल्यास मुदत संपल्यावरच त्यास करार समाप्त करता येईल. परंतु आणखी असे की, करार समाप्त झाल्यावर, ठरलेली नुकसानभरपाई किंवा प्रवर्तकाचे इतर येणे वळते करून घेण्याच्या अधीन राहून, तोवर भरलेले हप्ते प्रवर्तकाने तीस दिवसांत परत केले पाहिजेत.

घाईत केलेला गोषवारा असा येतो: ‘तीन हप्ते थकल्यास बिल्डर करार रद्द करू शकतो.’ यात एकही शब्द खोटा नाही, तरीही हे वाक्य फसवते. नोकरी गेल्यामुळे तिसरा हप्ता चुकलेला माणूस ते वाचून घर गेलेच असे धरून बसेल. प्रत्यक्षात नोटीस यायची आहे, ती आल्यावर थकबाकी भरायला पंधरा दिवस आहेत, आणि शेवटी करार रद्द झालाच तरी पैसे परत मिळायचे आहेत.

म्हणून कापायला सुरुवात करण्यापूर्वी कलमाचा सांगाडा वेगळा काढायचा. कोण, काय, आणि ते करू शकतो की केलेच पाहिजे, एवढेच प्रश्न विचारायचे. इथे उत्तर येते: बिल्डर करार रद्द करू शकतो. हा अधिकार आहे, बंधन नाही. ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यासाठीच आहे. गोषवाऱ्यात ‘करार रद्द होतो’ असे लिहिले तर करार आपोआप संपल्यासारखे वाटते आणि बिल्डरने काही केले नाही तरी घर हातचे गेले असा अर्थ निघतो. ‘करू शकतो’, ‘केलेच पाहिजे’ आणि ‘होतो’ ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पुढचे काम पेन्सिलीचे. ‘परंतु’, ‘बाध न येता’, ‘च्या अधीन राहून’, ‘वगळता’, ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ असे शब्द मूळ कलमात दिसतील तिथे खूण करायची आणि प्रत्येक खुणेपाशी पाहायचे की हा भाग मुख्य अधिकाराचे नेमके काय करतो. ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या भागाला कायद्यात परंतुक म्हणतात. प्रत्येक परंतुक अपवादच असते असे मात्र नाही. कलम ४.२ मधले पहिले परंतुक अट घालते: नोटीस आणि पंधरा दिवस नसतील तर अधिकार वापरताच येत नाही. दुसरे परंतुक परिणाम सांगते: अधिकार वापरला तर पैसे परत करण्याचे बंधन येते. त्या परिणामाच्या पोटात ‘च्या अधीन राहून’ हा खरा अपवाद बसला आहे, कारण सगळे पैसे परत मिळत नाहीत, वजावट होते. सुरुवातीचे ‘बाध न येता’ एक वेगळा हक्क राखून ठेवते: करार रद्द करता येतो म्हणून थकबाकीवरचे व्याज मागण्याचा हक्क जात नाही.

ही वर्गवारी झाली की वाक्य बरेचसे आपोआप जुळते, कारण प्रत्येक प्रकाराला मराठीत आपली ठरलेली जागा आहे. अट ‘तरच’ने क्रियापदाच्या आधी येते, परिणाम ‘रद्द केल्यास’ म्हणून मागून येतो, वजावट ‘वजा करून’ अशी मध्ये बसते आणि राखलेला हक्क शेवटी येतो. तक्त्यात जाणारी ओळ मग अशी होते:

‘घर घेणाऱ्याने हप्ते तीनदा थकवले आणि नेमकी चूक सांगणाऱ्या, रजिस्टर पोस्टाने व ईमेलने आलेल्या नोटिशीच्या १५ दिवसांतही ती दुरुस्त केली नाही, तरच बिल्डर करार रद्द करू शकतो, रद्द केल्यास ठरलेली नुकसानभरपाई व इतर येणे वजा करून भरलेले हप्ते ३० दिवसांत परत केले पाहिजेत, थकबाकीवरील व्याजाचा हक्क (४.१) कायम राहतो.’

एवढे सगळे सांगूनही ही ओळ मूळ कलमापेक्षा बरीच आखूड आहे. कमी झाले ते दुहेरी शब्द, ‘करार समाप्त करण्याचा आपला इरादा’ यासारखी वळणे आणि करांचा कंस. करांचा कंस काढला त्याला कारण आहे. मूळ कलमात ‘कोणतीही देय रक्कम’ आणि ‘तीन हप्ते’ हे दोन भाग ‘आणि’ने जोडलेले आहेत. तीन हप्ते चुकले की देय रक्कम चुकलेलीच असते, म्हणून पहिला भाग दुसऱ्यात सामावतो. तिथे ‘किंवा’ असते तर कंस काढता आला नसता, कारण मग केवळ कराचा वाटा थकल्यानेही करार धोक्यात आला असता. बिल्डरने आपल्या करारात नमुन्यातला मजकूर बदलला आहे का, हे पाहताना हा एक शब्द आवर्जून तपासावा.

गाळण्याइतकीच भर घालण्याचीही चूक होते. ‘तीनदा’चे लिहिताना ‘सलग तीनदा’ होते, ‘१५ दिवस’चे ‘कामकाजाचे १५ दिवस’ होतात. कलमात यातले काहीच नाही. गोषवारा करणाऱ्याला जे रास्त वाटते ते अशा वेळी नकळत ओळीत शिरते आणि घर घेणारा नसलेल्या सवलतीवर विसंबतो.

अपवादांची यादी असलेल्या कलमात हा धोका वाढतो. त्याच नमुन्यातले कलम ६ ताब्याच्या तारखेचे आहे. ठरलेल्या तारखेला ताबा द्यायचा, पण दोन गटांतल्या कारणांनी इमारत पूर्ण व्हायला उशीर झाला तर बिल्डरला वाजवी मुदतवाढ मिळते. पहिल्या गटात युद्ध, नागरी दंगल किंवा दैवी आपत्ती येते. दुसऱ्यात सरकार, सक्षम प्राधिकरण किंवा न्यायालय यांची नोटीस, आदेश, नियम किंवा अधिसूचना. याचा गोषवारा ‘नैसर्गिक आपत्ती इ. कारणांमुळे मुदतवाढ’ असा केला, तर ‘इ.’ या एका अक्षराने बंद यादीचे दार उघडते. सिमेंट महागले, मजूर गावी गेले, कर्ज मंजूर झाले नाही, ही सगळी कारणे त्यातून आत येतात. ‘बिल्डरच्या आवाक्याबाहेरच्या कारणांमुळे मुदतवाढ’ असे लिहिणे तर त्याहून वाईट. हे शब्द कलमात आहेत खरे, पण ते मुदतवाढीच्या परंतुकात नाहीत. ते पैसे व्याजासह परत करण्याच्या बंधनाला जोडलेले आहेत. त्यांची जागा बदलली की बिल्डरवरचे बंधन त्याचीच सवलत होऊन बसते.

यादी लांब असेल तर ती गटांनी सांगावी आणि मुळातला क्रमांक द्यावा: ‘फक्त युद्ध, दंगल, दैवी आपत्ती [६(एक)] किंवा सरकार, प्राधिकरण वा न्यायालय यांच्या नोटीस, आदेश, नियम, अधिसूचनेमुळे [६(दोन)] इमारतीला उशीर झाल्यास वाजवी मुदतवाढ, किती, ते कलमात नाही.’ यातला ‘फक्त’ यादी बंद ठेवतो. शेवटचे चार शब्दही गरजेचे आहेत. कलमात आकडा नसेल तर तो नाही हे सांगावे, अंदाजाने सहा महिने लिहू नयेत.

काही कलमे एका वाक्यात मावतच नाहीत. तेव्हा तक्त्यात दोन ओळी करायला हरकत नसते, पण छेद योग्य जागी हवा. कलम ४.२ मधून परताव्याचा भाग वेगळ्या ओळीत नेता येईल, कारण ते बिल्डरचे स्वतंत्र बंधन आहे. नोटिशीची अट मात्र रद्द करण्याच्या अधिकारापासून तोडता येणार नाही. अधिकार एका ओळीत आणि त्याची अट पुढच्या ओळीत गेली, तर पहिली ओळ एकटी वाचणाऱ्याची पुन्हा तीच फसगत होते.

ओळ तयार झाली की ती मुळाशी ताडून पाहावी. नुसते वाचून चुका सापडत नाहीत, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात मूळ कलम ताजे असते आणि गळलेली अट तो मनानेच भरून वाचतो. त्यापेक्षा काही प्रसंग रचावेत. दोनच हप्ते चुकले आहेत. तीन चुकले, पण नोटिशीच्या दहाव्या दिवशी सगळी थकबाकी भरली. तीन चुकले आणि बिल्डरने फक्त व्हॉट्सॲपवर कळवले. करार रद्द होऊन चाळीस दिवस झाले, पैसे आलेले नाहीत. प्रत्येक प्रसंगाचे उत्तर आधी मूळ कलमातून काढून लिहून ठेवावे. मग मूळ न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्याला नुसती तक्त्यातली ओळ देऊन तेच प्रश्न विचारावेत.

‘तीन हप्ते थकल्यास बिल्डर करार रद्द करू शकतो’ ही ओळ पहिल्या प्रसंगाचे उत्तर बरोबर देते, दुसऱ्या-तिसऱ्याचे चुकीचे देते आणि चौथ्याबद्दल काही बोलत नाही. लांब ओळ चारही उत्तरे देते. ती आणखी आखडायची असेल तर एकेक शब्द काढून हेच चार प्रश्न पुन्हा विचारावेत. ज्या शब्दानंतर एक उत्तर बदलले, तो शब्द परत ठेवावा आणि कात्री तिथेच थांबवावी.