अर्धशिशी, दवाखाना आणि विम्याचं पत्र

गेल्या महिन्यात मोहोळकडच्या एक ताई विमा कंपनीचं पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. अर्धशिशीनं, म्हणजे मायग्रेननं, तीन दिवस डोकं धरून बसल्या होत्या. पाणीसुद्धा पोटात टिकेना, म्हणून सोलापूरच्या एका दवाखान्यात भरती झाल्या. दोन रात्री राहिल्या. कंपनीनं लिहिलं, ‘भरती केवळ तपासणीसाठी होती, दावा नामंजूर.’

आधी आम्ही पॉलिसीतलं कलम शोधलं. नुसत्या तपासणीसाठी झालेल्या भरतीचा खर्च मिळत नाही, हे तिथं खरंच लिहिलेलं असतं. म्हणजे ‘ताई फार आजारी होत्या’ एवढं लिहून भागणार नव्हतं. भरती उपचारासाठी झाली, हे दाखवायला हवं होतं.

ते दवाखान्याच्या कागदांत सापडलं. डिस्चार्ज कार्डावर एमआरआय ठळक होता आणि औषधं एका ओळीत उरकलेली. म्हणून आम्ही आतले केसपेपर आणि नर्सचा औषधांचा तक्ता मागितला. रात्री नऊला भरती, साडेनऊला सलाईन आणि उलटी थांबवायचं इंजेक्शन, एमआरआय मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी! वेळाच बोलत होत्या. मग पत्रात असं लिहिलं:

‘माझा दावा क्रमांक अमुक. आपण तपासणीसाठी भरती असं कारण दिलं आहे, ते मला मान्य नाही. डोकेदुखी ७२ तासांहून जास्त राहिली, उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकत नव्हत्या, म्हणून शिरेतून औषध द्यावं लागलं. उपचार एमआरआयच्या आधीच सुरू झाले. मेंदूत दुसरा धोका नाही ना, हे पाहायला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. केसपेपर, औषधांचा तक्ता आणि डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाव्याचा फेरविचार करावा. नामंजूर केल्यास पॉलिसीतलं कलम आणि कारण लेखी कळवावं.’

ताईंना एक धास्ती होती, एमआरआय नॉर्मल आला म्हणजे आजारच नव्हता असं म्हणतील. पण अर्धशिशी एमआरआयमध्ये दिसत नाही. ती डॉक्टर लक्षणांवरून ओळखतात. हे वाक्य डॉक्टरांनी दाखल्यात घातलं, आणि घरी गोळ्यांवर भागलं नसतं हेही. कागदांत फक्त तपासण्याच असतील, तर मात्र पत्रानं फारसं होत नाही. मागाहून नोंदी वाढवून घेऊ नका, सगळाच दावा बुडतो.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे गेलं. पाठवल्याची पावती आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स ताईंनी जपून ठेवल्यात. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा नकारच आला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही. नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं, म्हणून ते पत्र लिफाफ्यासकट ठेवा.

ताईंचं पत्र गेल्या सोमवारी पोस्टात पडलंय.