आजाराचं नाव न लिहिता दिलेलं सिक सर्टिफिकेट

मार्चच्या चार तारखेला सकाळी एक बाई दवाखान्यात आल्या. वय ३१, खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये. आदल्या दिवशी नवव्या आठवड्यात गर्भ पडला होता आणि इस्पितळात पिशवी साफ करून त्यांना घरी सोडलं होतं. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ऑफिससाठी सर्टिफिकेट हवंय. पण त्यावर हे लिहू नका. व्हायरल ताप लिहिलंत तरी चालेल."

दोन गैरसमज इथे एकदमच समोर आले. आजाराचं नाव नसलेलं सर्टिफिकेट चालत नाही, हा एक. ते नाव लपवायचं तर दुसरं एखादं निरुपद्रवी नाव लिहावं, हा दुसरा.

"निदान लिहिलं नाही तर एचआर सर्टिफिकेट परत पाठवतं."

रजा मंजूर करणाऱ्याला कामाच्या नियोजनासाठी काय कळायला हवं? माणसाला डॉक्टरांनी खरोखर तपासलंय का आणि कधी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो काम करू शकणार नाही, आणि परतल्यावर कामात काही बदल लागेल का. एवढं नेमकं लिहिलं, तर सहसा कागद परत येत नाही. परत येतो तो "आठ-दहा दिवस विश्रांती घ्यावी" असा मोघम लिहिलेला, तारखा नसलेला किंवा नोंदणी क्रमांक नसलेला. बाईंच्या सर्टिफिकेटवर मी लिहिलं ते असं:

"प्रमाणपत्र क्र. ४७. श्रीमती … यांना मी दि. ४ मार्च रोजी माझ्या दवाखान्यात तपासले. वैद्यकीय कारणामुळे त्या दि. ४ ते १८ मार्च, दोन्ही दिवस धरून, कामावर जाण्यास असमर्थ आहेत. दि. १९ मार्च रोजी त्या कामावर रुजू होऊ शकतील असे आजच्या तपासणीवरून वाटते."

"दोन्ही दिवस धरून" हे शब्द मी कधी गाळत नाही. अठरा तारखेला यायचं की एकोणिसला, यावरून एका दिवसाचा पगार कापला गेलेला मी पाहिलाय. कामातली बंधनं मात्र कामाशी संबंध असेल तेव्हाच लिहावीत. बस कंडक्टरच्या बाबतीत "सलग दोन तासांपेक्षा जास्त उभे राहू नये" हे उपयोगाचं आहे, आणि त्यासाठी पायाला काय झालंय हे सांगावं लागत नाही. "गोपनीय कारणामुळे" असंही मी लिहीत नाही. त्या शब्दांनी वाचणाऱ्याचं कुतूहल उगाच चाळवतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांना रजेच्या सर्टिफिकेटचा नमुना जोडलेला आहे, आणि त्यात आजारासाठी रिकामी जागा आहे. आजाराचं स्वरूप लिहावं, अशी टीपही खाली आहे. तो शिफारस केलेला नमुना आहे. पण सरकारी नोकरांना त्याच धाटणीचा फॉर्म भरून द्यावा लागतो, आणि तिथे जागा कोरी सोडली तर रजा अडकते. अशा वेळी मी रुग्णाला आधी विचारते, त्यांच्या संमतीने खरं पण मोजकं लिहिते, उदाहरणार्थ "शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती", आणि कागद बंद पाकिटात देते. त्याच २००२ च्या नियमांत रुग्णाची गुपितं न फोडण्याचं बंधनही आहे. अपवाद मोजके आहेत: न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवावे लागणारे आजार. रजेचा अर्ज यात कुठेच बसत नाही.

"व्हायरल ताप लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं?"

सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो, आणि तो चांगल्या मनाने केला जातो. "वैद्यकीय कारणामुळे" हे अपुरं असलं तरी खरं आहे. "व्हायरल ताप" हे खोटं आहे. खोटं किंवा दिशाभूल करणारं सर्टिफिकेट दिल्याबद्दल डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. पण त्याहून आधी अडचण होते ती रुग्णाची. पाच दिवसांत उतरणारा ताप लिहून पंधरा दिवसांची रजा घेतली की शंका येते. रजा वाढवायची वेळ आली, तर दुसरं खोटं शोधावं लागतं. नैराश्यासाठी महिनाभर उपचार घेणाऱ्याच्या कागदावर कुणी "कावीळ" लिहिलं, तर कंपनीचा डॉक्टर उद्या रक्ताचा रिपोर्ट मागू शकतो.

मागच्या तारखेचंही तसंच. रुग्ण तीन दिवस घरी झोपून चौथ्या दिवशी आला, तर तपासणीची तारीख आजचीच पडते. आधीचे दिवस "रुग्णाच्या सांगण्यानुसार" असे वेगळे लिहिता येतात.

"निदान गाळलं की गुप्तता राहिली."

नाही राहत. वर छापलेलं "वंध्यत्व निवारण केंद्र" किंवा "मनोविकारतज्ज्ञ" सगळं सांगून टाकतं. जोडलेल्या चिठ्ठीवरच्या औषधांची नावंही तेच करतात. मोठ्या इस्पितळात विभागाच्या शिक्क्याऐवजी सर्वसाधारण लेटरहेड मागता येतं. फॅमिली डॉक्टरकडूनही सर्टिफिकेट घेता येतं, पण त्याने रुग्णाला स्वतः तपासायला हवं. सर्टिफिकेटवर शरीरावरची ओळखखूण लिहावी लागते. तीही मी मनगटावरचा तीळ, भुवईवरचा व्रण अशी, चारचौघांत दिसणारीच निवडते. एचआयव्ही आणि मानसिक आजारांच्या बाबतीत तर २०१७ च्या दोन स्वतंत्र कायद्यांनी गुप्ततेचा हक्क दिलेला आहे.

"एचआरचा फोन आला तर डॉक्टरने सांगायलाच हवं."

अकरा तारखेला बाईंच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, नक्की काय झालंय त्यांना?" मी रुग्णाची परवानगी घेऊन कळवते म्हटलं, बाईंना विचारलं आणि मग परत फोन केला: "४७ क्रमांकाचं सर्टिफिकेट माझंच आहे, तारखा बरोबर आहेत. बाकी त्यांनाच विचारा." दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवणं आणि प्रत जपणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्या नोंदीमुळे कागद अस्सल असल्याची खात्री देता येते, आणि खात्री देण्यासाठी केसपेपर उघडावा लागत नाही.

पहिल्याच भेटीत मी बाईंना आणखी एक गोष्ट सांगितली होती. गर्भपात झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, पण तिच्यासाठी पुरावा द्यावा लागतो. म्हणजे कारण उघड करावं लागतं. गुप्तता पाळण्याच्या भरात हे सांगायचं राहिलं, तर रुग्णाचा हक्क बुडतो. त्या तेव्हा म्हणाल्या, "नको, पंधरा दिवस पुरे."

सोळा तारखेला त्या परत आल्या. अशक्तपणा होता, झोप लागत नव्हती. मैत्रिणीशी, मग वरिष्ठ मॅडमशी त्या बोलल्या होत्या. आता सांगायची तयारी होती, पण फक्त एचआरमधल्या एकाच व्यक्तीला. मी त्यांची लेखी संमती घेतली, इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड पाहिलं आणि दुसरं सर्टिफिकेट लिहिलं: "प्रमाणपत्र क्र. ४७ च्या संदर्भात. दि. ३ मार्च रोजी गर्भपात झाल्याने दि. ४ मार्च ते १४ एप्रिल, दोन्ही दिवस धरून, रजेची आवश्यकता आहे." पाकीट बंद करून वर त्या व्यक्तीचं नाव घातलं. पहिल्या कागदावर "वैद्यकीय कारणामुळे" असं होतं, त्यामुळे दुसरा त्याच्या जोडीला ठेवताना त्यातला एकही शब्द बदलावा लागला नाही.